एकाच चुकीवरचे दोन निरोप

ज्युनिअरने ग्राहकाला पाठवलेल्या अहवालात मागच्या महिन्याचा तक्ता तसाच राहिला. त्याला काय लिहायचं?

मसुदा १: ‘फार निष्काळजीपणा करतोस. जरा लक्ष देत जा.’

मसुदा २: ‘मंगळवारच्या अहवालात पान ४ वरचा तक्ता मागच्या महिन्याचा आहे. ग्राहकाने फोन करून विचारलं, मग सुधारित प्रत पाठवावी लागली. हा तक्ता तू कसा भरतोस? पुढचा अहवाल जाण्याआधी आपण दोघं मिळून तारीख आणि बेरीज मूळ शीटशी ताडून बघू.’

पहिला झटपट लिहून होतो, एवढीच त्याची जमेची बाजू. त्यातलं ‘निष्काळजीपणा’ खोडून बघा: ‘लक्ष देत जा’ उरतं, पण कशाकडे? ज्युनिअर ‘सॉरी’ म्हणतो आणि पुढच्या महिन्यातही जुनीच फाइल कॉपी करतो.

दुसऱ्यात मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो मधला प्रश्न. कदाचित टेम्प्लेटमधली लिंकच जुन्या शीटला जोडलेली असेल. तसं निघालं तर ‘निष्काळजी’ म्हणणारा तोंडघशी पडतो. मात्र प्रश्न खरोखर विचारायचा असेल तरच विचारा. उलटतपासणीचा सूर लगेच कळतो.

सौम्य लिहायचं म्हणून सुरुवातीला ‘बाकी छानच!’ चिकटवू नका, मुद्दा त्याखाली दबतो. तीच चूक पुन्हा झाली तरी ‘तू नेहमीच’ नको. ‘जून आणि जुलै, दोन्ही अहवालांत’ असं लिहा. ते जास्त कडकही आहे आणि खरंही.