कॅनडा पीआरसाठी आयेल्ट्स देताय? 'गॅरंटी बँड' पॅकेज घेण्याआधी हे वाचा

ज्या कन्सल्टन्सीने मला फसवलं तिचं नाव इथे लिहीत नाही, तक्रार चालू आहे. पण त्यांनी जे केलं ते बरेच जण करतात, आणि पैसे गेल्यावरच कळतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. थोडं लांब होईल पण एक्सप्रेस एंट्री, म्हणजे पॉइंटवर पीआरसाठी निवड करणारी कॅनडा सरकारची सिस्टीम, तिच्यातून जायचा विचार असेल तर प्लीज शेवटपर्यंत वाचा.

मी पीआरसाठी प्रोफाईल टाकणार होते, मास्टर्स झालेलं, नोकरीचा अनुभव तीन वर्षांच्या वर. त्यांनी पॅकेज दिलं, क्लास, परीक्षेचं रजिस्ट्रेशन आणि फाईल सगळं एकत्र, आणि वर 'चारही स्किलला ७ बँड गॅरंटी'. बँड म्हणजे आयेल्ट्सचा स्कोअर. रजिस्ट्रेशन आम्हीच करतो, तुम्ही फक्त पासपोर्टची कॉपी द्या म्हणाले. आणि त्यांनी ते केलं त्यांच्या स्वतःच्या ईमेलवर. म्हणजे बुकिंगचं कन्फर्मेशन, रिझल्ट, सगळं त्यांच्याकडे, माझ्याकडे फक्त तारीख आणि वेळ व्हॉट्सॲपवर. पुढचा अख्खा घोळ इथून सुरू झाला.

त्यांनी मला अकॅडेमिकला बसवलं. आयेल्ट्सचे दोन प्रकार असतात, अकॅडेमिक आणि जनरल ट्रेनिंग. लिसनिंग आणि स्पीकिंग दोन्हीत सारखंच, फरक रीडिंग आणि रायटिंगला. अकॅडेमिकच्या रायटिंग टास्क १ मध्ये ग्राफ किंवा तक्त्याचं वर्णन करायचं, जनरलमध्ये पत्र लिहायचं. एक्सप्रेस एंट्रीला जनरल ट्रेनिंगच लागतं, अकॅडेमिकचा स्कोअर कितीही भारी असला तरी तिथे उपयोग शून्य. मी विचारलं होतं की क्लासमध्ये आपण सारखे ग्राफ का करतोय, तर उत्तर मिळालं "मॅडम अकॅडेमिक अवघड असतं ना, ते आलं की कॅनडावाले जनरलपेक्षा वरचंच धरतात". सरळ सरळ खोटं होतं हे! त्यांच्याकडे स्टुडंट व्हिसावाल्यांची बॅच होती, त्यातच मला बसवलं म्हणजे त्यांना वेगळा शिकवणारा ठेवायला नको. रिझल्टच्या कागदावर वरच्या बाजूला कुठलं मॉड्यूल ते छापलेलं असतं, आधी तेच वाचा. त्याहून चांगलं म्हणजे पैसे भरायच्या आधी बुकिंगच्या स्क्रीनवर जनरल ट्रेनिंग लिहिलंय का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. पीटीई नावाची इंग्रजीची दुसरी परीक्षा आहे, तिचंही असंच आहे, कॅनडा पीआरला पीटीई कोअर लागते, पीटीई अकॅडेमिक नाही, आणि नावं इतकी जवळची आहेत की एजंट बिनधास्त दुसरीच गळ्यात मारतो. तिसरा पर्याय सेल्पिप जनरल. कुठली परीक्षा चालते याची यादी कॅनडा सरकारच्या साईटवर उघडी आहे, पाच मिनिटांचं काम आहे.

मी भांडल्यावर "सिस्टीम एरर झाला" म्हणत जनरलला बसवायला तयार झाले, फी मात्र पुन्हा माझ्याकडूनच घेतली. आता मॉक टेस्टची गंमत, गंमत कसली, लूटच. क्लासच्या मॉकमध्ये माझ्या रीडिंगला कायम ७ यायचे, ४० पैकी ३१ वगैरे बरोबर. मी खूश. पण तो बँड ते अकॅडेमिकच्या तक्त्याने काढत होते. अकॅडेमिकला साधारण ३० बरोबर आले की ७ मिळतो, जनरलचे उतारे सोपे असतात म्हणून तिथे ७ साठी साधारण ३४ लागतात. म्हणजे जनरलच्या पेपरात ३१ म्हणजे ६ च्या आसपास. हा काही बारीकसारीक फरक नाही, त्या ७ च्या भरवशावर लोक परीक्षेची तारीख घेतात, मॉकला ७ दिसल्याशिवाय कोणी पुढच्या फीचा हप्ता देत नाही हे त्यांना पक्कं माहीत असतं. तुमच्या क्लासने मॉकचा बँड सांगितला की किती बरोबर आले तो आकडा मागा आणि तक्ता कुठल्या मॉड्यूलचा तेही विचारा. मी घरी जनरलचे पेपर घड्याळ लावून सोडवले आणि रीडिंग तेवढं सुधारलं.

जनरलचा रिझल्ट आला तो असा, लिसनिंग ८, रीडिंग ७, स्पीकिंग ७, रायटिंग ६.५. ऐकायला छान वाटतं ना? पण हा अर्धा बँड किती महाग पडतो ते नीट समजून घ्या, कारण नेमकं इथेच ते लोक गाठतात. कॅनडावाले बँड सीएलबीमध्ये, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या भाषेच्या लेव्हलमध्ये, बदलून बघतात. सीएलबी ९ साठी लिसनिंग ८ आणि बाकी तिन्हीत ७ लागतात. माझं रायटिंग ६.५ म्हणजे सीएलबी ८. एकट्या अर्जदाराला त्या एका स्किलचे ३१ ऐवजी २३ पॉइंट, म्हणजे ८ गेले, इथवर ठीक. पण शिक्षण आणि कॅनडाबाहेरचा अनुभव यांचे भाषेशी जोडलेले वेगळे पॉइंट असतात आणि ते पूर्ण मिळायला चारही स्किल सीएलबी ९ पाहिजेत. एक जरी खाली असलं तर मास्टर्सचे ५० ऐवजी २५, तीन वर्षांच्या अनुभवाचे ५० ऐवजी २५. म्हणजे ८ अधिक २५ अधिक २५, एकूण ५८ पॉइंट फक्त रायटिंगच्या अर्ध्या बँडने गेले.

मग साहेबांनी सोल्यूशन काढलं, वन स्किल रीटेक. "फक्त रायटिंग द्या, बाकीचे स्कोअर तसेच राहतात, टेन्शनच नाही." ही सोय खरी आहे, त्यामुळे संशय येत नाही. कॉम्प्युटरवर परीक्षा दिली असेल तर ६० दिवसांच्या आत एकच स्किल एकदा परत देता येतं आणि नवीन रिझल्ट मिळतो. ऑस्ट्रेलियासारखे काही देश तो घेतात. पण कॅनडाचं इमिग्रेशन खातं एक्सप्रेस एंट्रीसाठी तो घेत नाही, त्यांना चारही स्किल एकाच बैठकीतले हवेत. दोन रिझल्टमधले चांगले चांगले बँड उचलून जोडणं तर अजिबातच चालत नाही. माझ्याकडून रीटेकची फी, वर 'रायटिंग स्पेशल कोचिंग' ची फी घेतली, आणि पुन्हा बुकिंग त्यांच्याच ईमेलवरून. रायटिंगला ७ आले आणि प्रोफाईलमध्ये तो आकडा टाकायच्या तयारीत होते! माझ्या मैत्रिणीने, जिची फाईल एका लायसन्सवाल्याने केली होती, तिने फोनवर मला थांबवलं. चुकून तसंच गेलं असतं तर पीआरच्या अर्जाचं आमंत्रण आल्यावर कागद तपासताना अर्जच फेटाळला गेला असता, आणि सरकारी फी वगैरे तेव्हा भरलेली असते.

मी जाब विचारला तर म्हणाले पावतीवर 'कन्सल्टेशन चार्जेस, नॉन रिफंडेबल' लिहिलंय. गॅरंटीचं काय, तर बारीक अक्षरात '९५ टक्के हजेरी आणि सर्व असाइनमेंट' अशी अट, आणि असाइनमेंट तपासून परत देणारे तेच, त्यामुळे 'सर्व पूर्ण' कधी होतच नाही. रायटिंग ६.५ आल्यावर फेरतपासणीला टाकू का असंही मी विचारलं होतं. सहा आठवड्यांत तसा अर्ज करता येतो आणि बँड बदलला तर त्याची फी परत मिळते. पण अकाउंट त्यांच्याकडे, आणि त्यांनी मुदत उलटेपर्यंत "टाकलंय, उत्तर येईल" एवढंच सांगत ठेवलं. काही टाकलेलं नव्हतंच.

सगळ्यात घातक खोटं होतं व्हॅलिडिटीबद्दल. "एकदा प्रोफाईल बनलं की स्कोअर लॉक होतो" असं त्यांचं वाक्य. असं काही नसतं. रिझल्ट दोन वर्षांपेक्षा कमी जुना असायला लागतो, प्रोफाईल भरता त्या दिवशी आणि पीआरचा अर्ज सबमिट करता त्या दिवशीसुद्धा. समजा रिझल्ट १० मार्च २०२४ चा आहे आणि आमंत्रण २० फेब्रुवारी २०२६ ला आलं. अर्जाला ६० दिवस मिळतात, म्हणजे एप्रिलपर्यंत वेळ आहे असं वाटेल, पण स्कोअर मार्चच्या सुरुवातीलाच संपतोय, म्हणजे हातात जेमतेम अडीच आठवडे. पोलीस क्लिअरन्स, नोकरीची पत्रं हे सगळं तेवढ्यात जमेलच असं नाही. म्हणून रिझल्ट दीड वर्षाचा झाला आणि आमंत्रण आलं नसेल तर नवीन तारीख घ्या, आणि तारीख अशी घ्या की एकदा कमी आले तरी दुसऱ्यांदा बसायला जागा उरेल. जुना स्कोअर अजून चालू असेल तर नवीन परीक्षेत कमी आल्याने तो जात नाही, दोन्हीपैकी जो रिझल्ट चांगला तो अख्खा वापरायचा. ही गोष्ट त्यांनी मला कधीच सांगितली नाही, उलट "परत दिलं आणि कमी आले तर जुनं कॅन्सल" म्हणून घाबरवलं, कारण मी स्वतःहून बसले असते तर त्यांचं रीटेक कोचिंग विकलं गेलं नसतं.

शेवटी तर हद्दच केली. "वरती सेटिंग आहे, परीक्षेला न बसता ७ करून देतो." इथे मी उठून आले. असा कागद कॅनडावाले ऑनलाईन पडताळतात, आणि खोटा निघाला तर पाच वर्षं कॅनडाचा कुठलाच व्हिसा मागता येत नाही. अशी ऑफर आली की तिथल्या तिथे संबंध तोडा, पैसे किती अडकलेत याचा विचारही करू नका.

नंतर मी स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या लॉगिनने, पासपोर्ट समोर ठेवून पूर्ण जनरल ट्रेनिंग बुक केलं. क्लासने पाठ करून घेतलेली रायटिंगची सुरुवात, ती "इन टुडेज मॉडर्न वर्ल्ड" वाली, फेकून दिली. तपासणाऱ्याला पाठ केलेलं लगेच ओळखू येतं आणि प्रश्नाला उत्तर दिलंय का हेच आधी बघतात. पत्रात दिलेल्या तिन्ही मुद्द्यांवर वेगवेगळं लिहायचं, आणि मित्राला पत्र असेल तर मॅनेजरला लिहितो तसं नाही लिहायचं, एवढ्यावर काम केलं. टास्क २ ला टास्क १ च्या दुप्पट वजन असतं म्हणून ४० मिनिटं त्यालाच ठेवली. रायटिंगला ७ आले, आणि बाकी तिन्ही धरून सीएलबी ९ झालं.

कोणी पैसे घेऊन फाईल करायला सांगत असेल तर कॅनडाच्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या साईटवर त्याचं नाव सर्च करा, किंवा तो तिथला वकील आहे का बघा. माझ्या कन्सल्टन्सीतल्या एकाचंही नाव तिथे नव्हतं. ज्यांच्याकडे त्यांच्यासारखीच 'कन्सल्टेशन चार्जेस' वाली पावती आणि व्हॉट्सॲपवरच्या गॅरंटीचे मेसेज असतील त्यांनी ते डिलीट करू नका, ग्राहक तक्रारीला माझे तेच मेसेज लावलेत.