खांबावरच्या बॅटऱ्या कधी बदलायच्या: ट्यूब्युलर की लिथियम?

सरपंच ताई, भाऊसाहेब, नमस्कार.

मागच्या मासिक सभेत विचारलं होतं की सौर दिव्यांच्या सगळ्या २४ खांबांच्या बॅटऱ्या एकदमच बदलूया का, तर माझं म्हणणं नको, कारण गावात दोन जातीच्या बॅटऱ्या आहेत आणि दोन्हीचं वय वेगवेगळं पडतं.

खालच्या पेटीतल्या १४ ट्यूब्युलर आहेत, १२ व्होल्ट ७५ एएच. कागदावर ९०० वॉट-तास दिसतात, पण ॲसिडची बॅटरी रोज अर्ध्याच्या खाली उतरवली की लवकर जाते, म्हणून धरायचे ४५०. आपला १२ वॉटचा दिवा रात्रभरात १४४ खातो, म्हणजे नवी असताना ऊन नसलं तरी तीन रात्री निघतात. आयुष्य चार-पाच वर्षं, तेही डिस्टिल्ड वॉटर वेळेवर घातलं तर. आपल्याकडं गगनबावड्याच्या पट्ट्यात जुलै-ऑगस्टला आठ आठ दिवस ऊन नाही, बॅटरी अर्धवट चार्जवरच पडून राहते आणि प्लेटांवर सल्फेट धरतं, ते नंतर सहजासहजी निघत नाही.

वरच्या १० लिथियम फॉस्फेट, १२.८ व्होल्ट ३० एएच. त्यातलं ८० टक्के बिनधास्त वापरता येतं, म्हणजे ३०० च्या आसपास, दोन रात्री. पाणी नाही, अर्धवट चार्जचा त्रास नाही, साधारण दोन हजार सायकल, रोज एक धरली तर साडेपाच वर्षं, आणि त्यानंतरही एकदम बंद पडत नाही, बॅकअप हळूहळू कमी होतो.

आता दिवा रात्री दीडलाच विझतो म्हणजे बॅटरी गेलीच असं नव्हं बघा. मागच्या आठवड्यात देवळाजवळच्या खांबाला मीटर लावला, दिवा लागताना १२.६ व्होल्ट, दोन तासांत ११.७, म्हणजे भरते लगेच आणि संपतेही लगेच, ती बॅटरी गेली. आंब्याखालच्या खांबाला मात्र संध्याकाळीच १२.१, म्हणजे भरलीच नाही, तिथं फांदी तोडा आणि पॅनल पुसा, बॅटरीला हात लावू नका. ही ट्रिक लिथियमला चालत नाही, तिचा व्होल्टेज शेवटपर्यंत सरळच राहतो, तिथं दिवा किती तास जळतो तेच मोजायचं. एकाच ढगाळ दिवसानंतरची रात्र निघत नसेल तर बदलायची वेळ आली.

ट्यूब्युलर २०२१ च्या आहेत, १४ पैकी ६ खरंच गेल्यात. त्या जागी काय घालायचं? ट्यूब्युलर घेतली तर पहिला खर्च कमी आणि जुनीचा भंगारभाव बिलात वजा करून देतो, पण दर दोन-तीन महिन्यांनी पाणी बघणारा माणूस लागतो, आणि तो आपल्याकडं टिकत नाही हे आपण दोघांनीही बघितलंय. लिथियम महाग पडते, शिवाय कंट्रोलरही बदलायला लागतो, ॲसिडच्या सेटिंगवर ती लावू नये. तरी मी त्या सहा ठिकाणी लिथियमच सांगीन. उरलेल्या ८ ट्यूब्युलरची हीच तपासणी दिवाळीनंतर परत करून देतो.

काम मेमध्येच करू, म्हणजे पावसाच्या आधी दोन-तीन आठवडे पूर्ण ऊन मिळतं. ठराव एप्रिलच्या सभेत घेतलात तर माल वेळेत येईल, दोन्हीचं कोटेशन वेगवेगळं सोबत जोडलंय.