पांढरा शर्ट: पातळ कापड आणि आत बनियन, की एकच जाड कापड?

पांढरा शर्ट घ्यायला गेलं की दोन धास्ती सोबत असतात: आतलं दिसेल का, आणि काखेत पिवळं पडेल का. या दोन्हींवर एकच उपाय चालत नाही, आणि गोंधळ तिथेच होतो. जाड कापड पहिली धास्ती मिटवतं, पण दुसरीवर त्याचा फारसा उपयोग नाही. पातळ कापडाखाली नीट निवडलेलं बनियन दोन्हींवर चालतं, पण त्याचे स्वतःचे नखरे आहेत.

आरपार दिसण्याचं कारण

पातळ कापडातून थोडा प्रकाश आत जातो, खाली जे असेल त्यावर आपटतो आणि परत बाहेर येतो. त्वचा त्यातला काही प्रकाश शोषते. पांढरं अंतर्वस्त्र मात्र जवळजवळ सगळा परत फेकतं, म्हणून तेवढा भाग शर्टातून जास्त उजळ दिसतो आणि त्याची कड स्पष्ट उमटते. पांढऱ्याखाली पांढरं घालणं ही म्हणूनच सर्वांत सर्रास होणारी चूक. आतल्या कपड्याचा रंग आपल्या त्वचेइतकाच गडद हवा. पाकिटावर ‘स्किन’ असं छापलेलं असलं तरी ते बहुतेकदा फिकट बेज असतं. सावळ्या अंगाला मध्यम किंवा गडद तपकिरीच लागतो. रंग हातावर पाहू नका, पोटाच्या किंवा छातीच्या त्वचेला लावून पाहा, कारण हात उन्हाने काळवंडलेले असतात.

ओलं झालेलं सुती कापड जास्त आरपार का दिसतं? कोरड्या कापडात धाग्यांच्या मध्ये हवा असते आणि प्रकाश तिथे विखुरतो, त्यामुळेच ते पांढरं आणि अपारदर्शक दिसतं. पाणी ती जागा भरतं, विखुरणं कमी होतं. म्हणजे दुकानात कोरडा शर्ट पसंत पडला तरी घामाने भिजलेल्या पाठीवर तो तसाच राहील असं नाही.

पातळ कापड आणि आत बनियन

शर्टाचं साधं पॉपलिन साधारण 100 ते 120 जीएसएमचं असतं, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन तेवढे ग्रॅम. एवढ्या कापडातून अंगाचा रंग थोडा झिरपतोच, म्हणून हा पर्याय घ्यायचा तर आत काहीतरी घालणं धरूनच चालायचं.

फायदा असा की घाम आधी बनियनमध्ये जिरतो. शर्टाच्या काखेतला पिवळा डाग नुसत्या घामाचा क्वचितच असतो. घाम रोखणाऱ्या रोल-ऑनमधले ॲल्युमिनियमचे क्षार आणि घाम एकत्र येऊन कापडात बसतात, थर वाढत जातो आणि काही धुण्यांनंतर काख पिवळी आणि कडक होते. बनियनला काखेपर्यंत बाही असेल तर हा थर तिथेच अडतो. बिनबाह्यांचं बनियन या कामात जवळजवळ निरुपयोगी आहे.

आता नखरे. जाड शिवणीची बाही शर्टाच्या दंडावर रेघ पाडते, म्हणून कड दुमडून न शिवलेली, सपाट कापलेली असावी. गळा शर्टाच्या वरच्या उघड्या बटणाखाली जाईल इतका खोल हवा. आणि नवं तपकिरी बनियन घामात रंग सोडू शकतं. घालण्यापूर्वी त्याचा एक कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर 10 वेळा घासा. रुमालाला रंग लागला, तर रंग सुटणं थांबेपर्यंत ते वेगळं धुवा आणि मगच शर्टाखाली घाला.

एकच जाड कापड

ऑक्सफर्ड विणीचं कापड साधारण 140 ते 170 जीएसएमचं असतं. धागे जाड, मोकळी जागा कमी, त्यामुळे बनियन नसलं तरी साध्या प्रकाशात चालून जातं. ज्यांना घाम कमी येतो, किंवा ज्यांचा दिवस थंड खोलीत जातो, त्यांच्यासाठी हाच सोपा पर्याय आहे. पण काखेचा सगळा घाम थेट शर्टात जातो, आणि जाड कापड सावकाश सुकतं.

पॉलिएस्टर मिसळलेला शर्ट हा मधला मार्ग वाटतो. पॉलिएस्टरच्या तंतूची चकाकी कमी करण्यासाठी त्यात टायटॅनियम डायऑक्साइड घालतात. त्याचं प्रमाण जास्त असलेलं कापड त्याच वजनात कमी आरपार दिसतं. मात्र पॉलिएस्टर तेलाला धरून ठेवतं: कॉलरवरची त्वचेची तेलकट रेघ सुती शर्टापेक्षा यातून काढणं अवघड जातं. कॉलर लवकर मळत असेल तर हा टाळलेला बरा.

एक निवड करून पाहू

समजा शर्ट आठवड्यातून दोनदा, दहा तास घालायचा आहे, अर्धा वेळ बाहेर, आणि घाम भरपूर येतो. समोर 110 जीएसएमचं पॉपलिन आणि 160चं ऑक्सफर्ड आहे. पॉपलिनखाली 140चं बनियन घातलं तर धडावर एकूण 250 होतात. उकाडा जास्त होणार, हे मान्यच करावं लागेल. तरीही पॉपलिन घ्यावं, कारण रोज बदलायचं आणि जोरात धुवायचं ते बनियन, आणि ते तपकिरी असल्याने पिवळं पडलं तरी दिसत नाही. घाम कमी असता, तर ऑक्सफर्ड घ्यायला सांगितलं असतं.

दुकानात तपासायचं ते असं: शर्टाच्या एकेरी थरामागे, म्हणजे पाठीच्या मध्यावर, हात घालून खिडकीपाशी धरा. बोटांच्या मधल्या फटी मोजता आल्या तर बनियनशिवाय तो चालणार नाही. छातीचा खिसा किंवा खांद्याचा दुहेरी भाग पाहून फसू नका. पांढऱ्या पँटला हीच कसोटी मांडीवर, कापड थोडं ताणून लावा. तिथे बहुतेकदा पाय दिसत नाही, पण खिशाच्या पांढऱ्या पिशव्या दिसतात. शिंप्याकडून त्या त्वचेच्या रंगाच्या करून घेता येतात.

शुभ्र की मोतिया?

शुभ्र पांढरा बराचसा ऑप्टिकल ब्राइटनरमुळे शुभ्र असतो. हा पदार्थ अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश सोडतो. धुण्याने आणि उन्हाने तो कमी होतो आणि शर्ट मळकट वाटू लागतो. मोतिया रंगावर हलका पिवळेपणा लपतो, हा त्याचा मोठा गुण. पण अनेक धुण्याच्या पावडरींत हेच ब्राइटनर असतं, आणि त्याने मोतिया रंग हळूहळू निळसर, कधी ठिपक्याठिपक्यांनी पांढरा होतो. मोतियासाठी ब्राइटनर नसलेलं डिटर्जंट घ्या.

पिवळी काख काढताना

क्लोरीनचं ब्लीच इथे उलटू शकतं: डाग आणखी पिवळा होतो, आणि कापडात थोडंही इलॅस्टेन असेल तर तेही खराब होतं. त्याऐवजी सोडियम परकार्बोनेट वापरा. एका शर्टाला 4 लिटर पाणी, सुमारे 40 अंश गरम, त्यात 4 मोठे चमचे पावडर आधी पूर्ण विरघळवा आणि मग शर्ट 2 तास भिजवा. त्यातून वायू सुटतो, म्हणून बादली झाकून घट्ट बंद करू नका. रेशीम आणि लोकर यात घालायची नाही. नेहमीसारखं धुतल्यावर डाग पूर्ण गेला आहे का ते ओल्यातच, उजेडात पाहा. राहिला असेल तर पुन्हा भिजवा, पण तोवर इस्त्री लावू नका, कारण उष्णतेने राहिलेला डाग पक्का बसतो. रोल-ऑन लावल्यावर तो पूर्ण सुकेपर्यंत शर्ट अंगात न घालणं हेही याच कामाचा भाग आहे, आणि त्याला फक्त पाचेक मिनिटं लागतात.