चंद्रपूरच्या उन्हात: जाळीचा बूट की छिद्रांचा चामडी?

मीटर रीडिंगसाठी दिवसभर चालणाऱ्या भाच्याने विचारलं, पांढरा जाळीचा स्पोर्ट्स बूट घेऊ की फिकट तपकिरी, छिद्रं असलेला चामडी?

आधी तळ बघ. मे महिन्यात हवा ४५ अंशांवर गेली की उन्हातलं डांबर सहज ६० च्या वर जातं. वरचा रंग फिकट असला तर ऊन कमी शोषलं जातं, पण रस्त्याकडून येणाऱ्या उष्णतेला तो काहीच करत नाही. तिथे जाड फोमचा तळ जिंकतो, कारण त्यातल्या हवेच्या बारीक कप्प्यांतून उष्णता हळू चढते. चामडी बुटाचा पातळ, भरीव रबरी तळ लवकर तापतो. मात्र फोम उन्हात मऊ पडून दबतो आणि डिंकाने चिकटवलेला तळ टाचेकडून किंवा चवड्याकडून सुटू लागतो. चामडी बुटाचा तळ शिवलेला असेल तर ही भीती कमी.

कोरड्या हवेत जाळीतून घाम झटकन उडतो, पाय थंड राहतो. धूळही तिथूनच आत येते. म्हणून मोजा पातळ, फिकट आणि घोट्याच्या वर जाणारा हवा. निव्वळ सुती मोजा चामडी बुटात ओला राहून फोड आणतो. तिथे लोकरमिश्रित किंवा पॉलिस्टरमिश्रित घे, आणि दुपारी बदल.

डांबरी गल्ल्यांत दिवसभर फिरायचं तर जाळीचाच घे. खडी, काटे, बांधकामाची जागा असेल तर चामडी, आत जाड इनसोल टाकून.