एकांकिका मित्राला वाचून दाखवावी, की प्रत हातात द्यावी?

एकांकिकेचा पहिला खर्डा तयार झाला की लिहिणाऱ्याला कुणालातरी ती ऐकवायची घाई होते. बेळगाव, खानापूर, निपाणी या आपल्या पट्ट्यात हे मित्रांच्या बैठकीतच होतं. कुणाच्या तरी माडीवर चारजण जमतात, चहा येतो, लेखक वाचतो आणि शेवटी सगळे म्हणतात, "लई भारी झालंय की!" दुसरा मार्ग म्हणजे छापील प्रत मित्राच्या हातात देऊन आठवडाभर गप्प बसणं. मित्राकडून खरं मत हवं असेल, तर यातलं काय निवडावं, हा इथला प्रश्न आहे. कादंबरीसाठी वाचून दाखवायचा मार्ग नाहीच. कवितेसाठी दोन्ही चालतं. एकांकिकेचं उत्तर मात्र सरळ नाही, कारण ती लिहिली जाते कागदावर आणि जगते कानांत.

एक उदाहरण घेऊन बोलतो. खानापूरकडच्या माझ्या एका मित्राने सव्वीस पानांची एकांकिका लिहिली. गणपतीला पुण्याहून धाकटा भाऊ घरी येतो. भाताच्या शेताचा त्याचा वाटा त्याने कुणालाही न सांगता विकायला काढलाय आणि इसारही घेतलाय. थोरल्याला ते कळतं. थोरल्याची बायको धारवाडकडची, कन्नड घरातली. तिची काही वाक्यं कन्नडमध्ये, बाकीची तिच्या वळणाच्या मराठीत. हा खर्डा आधी बैठकीत वाचला गेला आणि नंतर त्याची प्रत माझ्याकडे आली, त्यामुळे एकाच मजकुराचे दोन्ही अनुभव मला ताडून बघता आले.

बैठकीत त्याने सुरेख वाचलं. सहाव्या पानावर धाकट्याच्या पिशवीतून इसाराची पावती पडते. तिथे त्याने आवाज खाली आणला, थोडा थांबला. आम्ही सगळे गप्प झालो. पुढची नऊ-दहा पानं त्या शांततेच्या जोरावर निघून गेली. मला एकांकिका आवडली, तसं मी बोललोही, आणि ते खरंच होतं. पण मला जे आवडलं त्यात कागदावरचं किती आणि त्याच्या गळ्यातलं किती, हे मला तेव्हा वेगळं काढता आलं नसतं.

नंतर तीच पानं घरी वाचली. पावती सहाव्या पानावर पडली, थोरल्याने ती उचलली, आणि पंधराव्या पानापर्यंत दोघं भाऊ मला आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीभोवती बोलत राहिले. नवव्या पानाच्या समासात मी पेन्सिलने लिहिलं, "इथे उठलो, चहा टाकला." अकराव्यावर, "हे मघाशी झालं ना?" बैठकीत या दोन्ही जागा कुणालाच जाणवल्या नव्हत्या.

वाचून दाखवण्यातली मुख्य अडचण हीच आहे. लेखक आपल्या आवाजाने मजकुरातली भोकं बुजवतो, आणि ते त्याला स्वतःलाही कळत नाही. दुसरी अडचण माणसांची. वाचन संपलं की लगेच, सगळ्यांच्या देखत, घरच्यांच्या समोर तोंड उघडावं लागतं. पहिला जो बोलतो त्याचंच मत पुढचे तिघे ओढतात. वहिनी चहाचे कप उचलत असताना "मधला भाग मेला रे" असं म्हणणारा आपल्याकडे क्वचितच सापडेल. त्यात भित्रेपणा नाही. पाहुणा म्हणून बसलेल्या माणसाची ती रीत आहे. मित्राने मोकळं बोलावं असं वाटत असेल, तर त्याला ती रीत मोडायला न लावणारी जागा द्यावी लागते. हातातली प्रत ती जागा देते. तो एकटा असतो, वेळ त्याची असते, आणि कंटाळा आला तेव्हा आपण समोर बसलेले नसतो.

तरी नुसती प्रत देऊन भागत नाही. "वाच आणि कशी वाटली सांग" म्हटलं की उत्तर "छान" हेच येणार, कारण त्या प्रश्नात मित्राला निकाल द्यायला सांगितलेलं असतं. माझ्या मित्राने प्रतीला एक चिठ्ठी टाचली होती. ती जवळजवळ अशी होती:

"हा पहिला खर्डा आहे. दोन जागा चुकल्यात हे मला माहीत आहे, कुठल्या ते सांगत नाही. शुद्धलेखन बघू नकोस. जिथे कंटाळलास, जिथे मागं जाऊन पुन्हा वाचावं लागलं, तिथे नुसती रेघ मार. चार पानं काढायचीच झाली तर कुठली काढशील? आणि वाचून दोन दिवस झाले की गोष्ट मला तुझ्या शब्दांत सांग. पुढच्या रविवारपर्यंत जमलं तर बघ. नाही जमलं तर तसं कळव, दुसऱ्या कुणाला तरी देतो."

या चिठ्ठीतलं जवळपास प्रत्येक वाक्य उपयोगाचं होतं. चूक आहे हे लेखकानेच आधी मान्य केल्यामुळे ती दाखवणारा पहिला माणूस मी ठरत नव्हतो. जागा न सांगितल्यामुळे मी ती त्याने बोट ठेवलं तिथेच शोधत बसलो नाही. "दहावं पान जरा सैल आहे का?" असं विचारलं असतं, तर मला दहावं पानच सैल दिसलं असतं. रेघ मारायला मत लागत नाही, कंटाळा आला एवढं पुरतं. "कुठली चार पानं काढशील" या प्रश्नात टीका करायची की नाही हा पेच उरतच नाही. काढायची ठरलेलीच आहेत, फक्त निवड करायची. आणि गोष्ट पुन्हा सांगायला लावणं तर सगळ्यांत प्रामाणिक, कारण त्यात खोटं बोलताच येत नाही. मी गोष्ट सांगताना शेवटच्या प्रसंगातला शेजारी पूर्ण विसरलो. त्याच्याबद्दल मी चांगलं-वाईट काहीच बोललो नव्हतो, तरी मित्राला जे कळायचं ते कळलं.

"नाही जमलं तर कळव" हे वाक्य बरेच जण गाळतात. ज्याला नाही म्हणायची सोय नाही, तो प्रत घेतो, चाळतो आणि गुळगुळीत बोलतो.

प्रत द्यायची तर ती तशी तयारही करावी. एकाच बाजूला छापलेली, अक्षर मोठं, समास रुंद, पानांना आकडे. पाठकोरी जागा मोकळी राहिली की माणूस लिहितो. मोबाईलवर पीडीएफ पाठवली तर ती एसटीत, दुकानात, तुकड्यातुकड्याने वाचली जाते, आणि मग कंटाळा मजकुराचा की प्रवासाचा हे सांगता येत नाही. मोबाईलचा एक फायदा मात्र मी मानतो: समोरासमोर जे जमत नाही ते काही जण व्हॉइस मेसेजमध्ये मोकळेपणाने बोलून जातात. तेव्हा प्रत कागदावर द्यावी आणि उत्तर हवं तर आवाजात मागावं.

आता प्रतीची मर्यादा. संवाद तोंडात बसतो का, हे डोळ्यांनी वाचून कळत नाही. तिथे आणखी एक रस्ता आहे, आणि एकांकिकेसाठी मला तो फार मोलाचा वाटतो: लेखकाने न वाचता मित्राला मोठ्याने वाचायला लावायचं, तेही तयारीशिवाय. आम्ही थोरल्याच्या बायकोचा प्रसंग तसा वाचला. "ऊट आतेन?", म्हणजे जेवण झालं का, हे मी सहज म्हणून गेलो, पण पुढच्या तिच्या लांब मराठी वाक्यात दोनदा अडखळलो. ते वाक्य तिचं नव्हतंच. लेखकाला शेताबद्दल जे सांगायचं होतं ते त्याने तिच्या तोंडी घातलं होतं. हे मला सांगावं लागलं नाही. तो समोर बसून माझं अडखळणं ऐकत होता आणि त्यानेच पेन उचललं. मित्राला टीका करायचा संकोच असेल तर या पद्धतीत त्याला शब्दही खर्च करावा लागत नाही. सगळी एकांकिका अशी वाचायची गरज नसते, शंका असलेला एखादा प्रसंग पुरे.

मित्र कुठला निवडायचा, हेही आपल्या भागात जरा वेगळं आहे. पुण्याच्या मित्राला प्रत दिली तर तो "काय करूलालास?" खाली रेघ मारून "करतोयस" लिहून पाठवेल. भाषा मुद्दाम अशी आहे हे त्याला आधी सांगावं, पण "कुठलं वाक्य अजिबात कळलं नाही" हे जरूर विचारावं. बेळगावबाहेर प्रयोग करायचा असेल तर त्याच्याइतका उपयोगी वाचक नाही. गल्लीतला मित्र ते सगळं विनासायास समजतो, म्हणून तिथे तो आंधळा असतो. कन्नड वाक्यांसाठी कन्नड घरातल्या, मराठी कळणाऱ्या मैत्रिणीला विचारावं, आणि तेही नेमकं: ही बाई तुला खरी वाटते, की मराठी माणसाने लिहिलेली? ज्याला एकांकिकेत भूमिका द्यायची आहे त्याला या टप्प्यावर विचारू नये. तो आपलीच वाक्यं मोजतो.

मोकळं मत आलं की नाही, हे ओळखता येतं. "विषय चांगला घेतलायस", "मेहनत दिसते", "अमक्याने हे काम केलं तर रंगेल", एवढंच आलं तर मित्र आपल्याला सांभाळतोय. प्रतीवर फक्त ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणा असतील, किंवा पाचव्या पानानंतर एकही खूण नसेल, तरी तेच. "पावती सापडल्यावर थोरला तेव्हाच का नाही बोलला?" असा प्रश्न आला, पात्राशी भांडण सुरू झालं, की समजावं तो आत शिरलाय. अशा वेळी उत्तर देऊ नये. लेखकाने "त्याचं असं आहे..." म्हणून खुलासा सुरू केला की मित्र मान डोलावतो आणि पुढच्या तीन गोष्टी खिशात ठेवतो. लिहून घ्यावं, "आणखी कुठे?" एवढंच विचारावं.

मित्र इलाजही सुचवतो. तो घ्यायलाच हवा असं नाही. दुखतंय कुठे हे त्याचं बहुतेक खरं निघतं, औषध क्वचितच. मी सुचवलं होतं की सात ते पंधरा ही पानं सरळ काढून टाक. मित्राने तसं केलं नाही. पावतीच त्याने सहाव्या पानावरून पंधराव्यावर नेली, आणि मधली पानं थोडी छाटून तशीच ठेवली. आता त्याच गप्पा धाकटा काहीतरी लपवतोय या संशयाने वाचल्या जातात. माझ्या रेघा बरोबर होत्या, माझा उपाय त्याच्या उपायापुढे फिका होता. त्याने ते मला फोन करून सांगितलं, काय बदललं आणि काय नाही हेही. असं सांगणाऱ्याला मित्र पुढच्या वेळी आणखी उघडपणे बोलतो.

म्हणून माझं मत असं: पहिला खर्डा प्रत म्हणून, चिठ्ठीसकट, एका किंवा दोघांना द्यावा. संशयाचा प्रसंग त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावा. बैठकीतलं वाचन दुरुस्तीनंतर करावं, कारण तिथे हशा कुठे येतो, लोक कुठे चुळबुळतात आणि एकूण वेळ किती लागतो हे कळतं, आणि ते दुसरीकडे कळत नाही. स्पर्धेची नोंदणी करून, तालमी लावून मग मत विचारू नये. त्या वेळी बदलायला जागा नसते हे मित्रालाही दिसतं आणि तो शुभेच्छाच देतो. आणि सगळ्या मित्रांना पहिलाच खर्डा देऊन टाकू नये. एकदा वाचलेल्याला पावती कुठे पडते हे कायमचं माहीत होतं, तेव्हा दुसऱ्या खर्ड्यासाठी एक तरी कोरा वाचक मागे ठेवावा.