अल्प्राझोलाम: काही महिने घेतली, मग हळूहळू उतरवली, त्याचा अनुभव

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी हिशेबाचं काम करतो. गेल्या वर्षी मार्चअखेरीच्या गडबडीत ऑफिसात बसल्या बसल्या छातीत धडधडायला लागलं, हातपाय गार पडले आणि आता आपण जाणार असं वाटलं. ईसीजी नॉर्मल, शुगर नॉर्मल. ज्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा गेलो त्यांनी अल्प्राझोलाम ही चिंतेवरची गोळी 0.25 मिलिग्रॅमची लिहून दिली आणि पुढे ती 0.5 करून दिवसातून तीन वेळा केली. ती किती दिवस घ्यायची, हे चिठ्ठीवर नव्हतं. पावसाळा गेला, दिवाळी गेली, गोळी चालूच राहिली.

आधी गोळीचं चांगलं सांगतो, कारण ते खरं आहे. अर्ध्या-पाऊण तासात छातीवरचं ओझं उतरतं. मेंदूत ‘गाबा’ नावाचं एक रसायन असतं, ते मज्जापेशींना शांत करतं. ही गोळी त्याचं काम वाढवते, म्हणून गुण लगेच दिसतो. चिंतेवरची बाकीची औषधं, उदाहरणार्थ एस्सिटालोप्रॅम, यांना असर दाखवायला दोन ते चार आठवडे किंवा जास्तही लागतात, आणि सुरुवातीच्या दिवसांत कधी कधी बेचैनी उलट वाढते. तेवढे दिवस निभावून न्यायला, किंवा एखाद्या तीव्र प्रसंगात, ही गोळी फार उपयोगाची आहे. म्हणूनच जाणकार डॉक्टर ती दोन ते चार आठवड्यांपुरती लिहितात आणि बंद कधी करायची हे सुरू करतानाच ठरवतात.

माझ्या बाबतीत काही महिन्यांनी वेगळाच प्रकार सुरू झाला. रोज दुपारी एक-दीडच्या सुमाराला पोटात खड्डा पडायचा, हाताला बारीक कंप सुटायचा, टेबलावर कोणी फाइल आपटली तरी दचकायचो. घरी कुकरची शिट्टी सहन होईना. दोनची गोळी घेतली की सगळं शांत. आजार वाढलाय आणि गोळी कमी पडतेय, असंच मला वाटायचं. बायको मात्र म्हणाली, “अहो, आधी तुम्हाला घाबरायला काहीतरी कारण लागायचं. आता घड्याळ लागतंय.”

तिच्याच आग्रहावरून राजारामपुरीत एका मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी डोस वाढवला नाही आणि कमीही केला नाही. आठवडाभर एका वहीत दोनच गोष्टी लिहायला सांगितल्या: गोळी किती वाजता घेतली आणि त्रास किती वाजता झाला. वही बघितल्यावर त्यांनी बोट ठेवून दाखवलं. त्रास कामाच्या ताणाप्रमाणे येत नव्हता. रविवारी, घरी आरामात बसलेलो असतानाही तो त्याच वेळी यायचा, म्हणजे सकाळच्या गोळीचा असर ओसरताना.

त्यांनी कारण समजावलं ते असं. रोज बाहेरून शांतता मिळत राहिली की मेंदू आपली स्वतःची ब्रेकची यंत्रणा ढिली करतो. मग तोच डोस कमी पडायला लागतो, आणि दोन गोळ्यांच्या मधल्या वेळेतही शरीर मागणी करतं. अल्प्राझोलाम झटकन चढते आणि तुलनेने लवकर उतरते. रक्तातलं तिचं प्रमाण सरासरी 11 तासांत निम्म्यावर येतं, आणि जाणवणारा आराम तर त्याच्या बराच आधी संपतो. डायझेपामसारखी गोळी शरीरात कितीतरी जास्त रेंगाळते, त्यामुळे तिथे हे चढउतार कमी जाणवतात. काही डॉक्टर उतरवताना पेशंटला आधी अशा लांब टिकणाऱ्या गोळीवर नेतात ते यासाठीच. “तुम्ही व्यसनी नाही,” ते म्हणाले, “पण शरीराला सवय लागली आहे. लिहून दिल्याप्रमाणे घेतली तरी ती लागते.”

“मग आजपासून बंद करतो,” असं मी म्हटल्यावर त्यांनी हातच वर केला. महिनोन् महिने घेतलेली ही गोळी एकदम थांबवली तर झोप उडते, थरथर सुटते, घाम फुटतो, आणि काहींना फिट येते. ज्याला आयुष्यात कधी फिट आलेली नाही त्यालाही येऊ शकते, आणि ती जिवावर बेतू शकते.

त्यांनी आधी एस्सिटालोप्रॅम सुरू केलं आणि ते लागू पडेपर्यंत अल्प्राझोलामला हात लावला नाही. मग उतरवणं सुरू झालं. यातला हिशेब मला माझ्या धंद्यामुळे पटकन पटला. दिवसाला 1.5 मिलिग्रॅम असताना 0.25 कमी केलं तर सहावा हिस्सा जातो. पण 0.5 वर आल्यावर तेच 0.25 म्हणजे निम्मा डोस. म्हणून सुरुवातीच्या पायऱ्या 0.25 च्या होत्या आणि खाली आल्यावर 0.25 ची गोळी मधल्या रेषेवर अर्धी करून 0.125 च्या. प्रत्येक पायरीवर दोन ते तीन आठवडे, आणि फारच त्रास झाला तर तिथेच थांबायचं, पण परत वर चढायचं नाही. (एसआर लिहिलेली गोळी मात्र कधीच तोडायची नसते, तिचं औषध हळूहळू सुटायची रचनाच मोडते.) हे माझ्यासाठी, माझ्या डोसला धरून ठरवलेलं होतं. काहींना यापेक्षा बराच हळू उतार लागतो, म्हणून कोणी हे आकडे उचलून स्वतःवर वापरू नयेत.

प्रत्येक कपातीनंतर दोन-तीन दिवसांत त्रास व्हायचा आणि आठवड्या-दीड आठवड्यात निवायचा. तोंडाला लोखंडासारखी चव येणं, कातडीवर मुंग्या येणं, हे मूळ आजारात कधीच नव्हतं. डॉक्टरांना हवी ती खूण हीच होती: नवी लक्षणं, कपातीला धरून येणारी आणि आपोआप ओसरणारी, म्हणजे गोळी सुटतानाचा त्रास. जुनीच भीती, जुनेच विचार घेऊन हळूहळू वाढत गेली असती तर तो आजार परतल्याचा संशय होता, आणि मग बेत बदलावा लागला असता. सगळ्यात अवघड गेल्या त्या शेवटच्या दोन पायऱ्या.

मेडिकलमधल्या काकांवर पूर्वी मी चिडायचो, कारण चिठ्ठीशिवाय ते एक पट्टीही देत नसत आणि प्रत्येक वेळी वहीत माझं नि डॉक्टरांचं नाव लिहून घेत. ही गोळी शेड्यूल एच1 या औषधांच्या सरकारी यादीत आहे. दुकानदाराला ती नोंद ठेवावीच लागते आणि तीन वर्षं जपावी लागते. आता वाटतं, तेवढी एक चाळणी तरी आहे.

एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. आपल्याकडे पावसाळ्यात ओल्या कपड्यांनी गजकर्ण होतं, आणि त्यावर इट्राकोनॅझोल सर्रास दिली जाते. ती यकृतात अल्प्राझोलामचं विघटन अडवते, त्यामुळे तोच डोस रक्तात कितीतरी वाढतो. या दोन एकत्र चालतच नाहीत. मलाही ती मिळाली असती, पण चामडीच्या डॉक्टरांनी आधी चालू औषधांची यादी विचारली आणि दुसरी गोळी दिली. दारू, ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषध यांच्याबरोबर तर श्वास मंदावण्याचा धोका असतो. म्हाताऱ्या माणसांना तोल जाऊन पडण्याचं भय वेगळंच. शेजारणीच्या सासूबाईंना “झोपेला बरी” म्हणून आपल्यातली अर्धी देणं इतकं सर्रास चालतं की बघून जीव खालीवर होतो.

आज अल्प्राझोलाम पूर्ण बंद आहे, एस्सिटालोप्रॅम चालू आहे. धडधड अधूनमधून होते, पण दुपारचा तो ठरलेला कंप गेला आणि हिशेबातली बारीक विसराळूपणाची खोडही कमी झाली. ज्यांची गोळी महिनोन् महिने चालू आहे त्यांनी हे वाचून आजचा डोस चुकवू नये. पट्टी आणि वेळांची वही घेऊन लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. खाजगीत परवडत नसेल तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या मोफत नंबरवर मराठीतही बोलता येतं.