बर्फाच्या क्रशरवर सेफ्टी रिले: नऊ महिने वापरल्यावर

रत्नागिरीत बंदराजवळ बर्फाची फॅक्टरी आहे, तिथला इलेक्ट्रिकल मेंटेनन्स मी बघतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हाच आमची कामं होतात, तर गेल्या बंदीत शेठनी लादी फोडायच्या क्रशरवर नवीन सेफ्टी रिले बसवून घेतला, म्हणजे इमर्जन्सी स्टॉप दाबला की मोटर तोडणारा आणि सगळं ठीक असल्याशिवाय परत चालू होऊ न देणारा रिले. दोन चॅनलचा, म्हणजे दोन स्वतंत्र सर्किटांचा, इमर्जन्सी स्टॉपचा मश्रूम, साडेसात एचपीची मोटर, तिच्या लाइनमध्ये सप्लाय जोडणारे-तोडणारे के१ आणि के२ असे दोन कॉन्टॅक्टर एकामागे एक. ब्रँड सांगत नाही, कारण त्रास रिलेने दिलाच नाही, त्रास वायरिंगने आणि आमच्या सवयींनी दिला. ऑगस्टपासून आता नऊ महिने झाले म्हणून लिहितोय.

पहिली भानगड गणपतीच्या आधीच. लादी अडकली म्हणून ऑपरेटरने मश्रूम दाबला, लादी काढली, मश्रूम फिरवून सोडला आणि क्रशर आपोआप सुरू! रीसेटला कोणी हात लावला नव्हता. नशीब हात बाहेर होता. बघितलं तर रीसेट बटणाचा ब्लॉक खाऱ्या हवेने हिरवा पडलेला, बटण दाबलं की आतच अडकायचं, म्हणजे कॉन्टॅक्ट कायम लागलेला. पण खरी चूक पॅनेलवाल्याची, त्याने बटण रिलेच्या ऑटो स्टार्टच्या टर्मिनलवर लावलं होतं. त्या टर्मिनलवर रिले एवढंच बघतो की सर्किट पूर्ण आहे ना, बटण आत्ता दाबलंय की चार दिवस अडकलंय हे त्याला कळतच नाही. शिवाय क्रशर चालू-बंद करायला सिलेक्टर स्विच होता, तो चालूवरच राहिलेला, त्यामुळे रिले उचलला, म्हणजे लागला, की मोटर लगेच फिरली. स्टॉप सोडल्याने मशीन चालू व्हायला नको हा साधा नियम, दोन्हीकडून मोडलेला. मग बटण मॉनिटर्ड रीसेटच्या टर्मिनलवर घेतलं, सिलेक्टर काढून होल्डिंगवालं, म्हणजे सप्लाय तुटला की परत दाबावं लागणारं, स्टार्ट बटण लावलं. आता आमचा रिले बटण दाबून *सोडल्यावर* उचलतो, त्यामुळे अडकलेल्या बटणाने काही होत नाही. दोन दिवस मात्र ऑपरेटर ओरडत होते, "दाबून धरलाव तरी येत नाय ओ!" अरे सोड की मग.

आता मुख्य गोष्ट. दिवाळीनंतर एका सकाळी फोन, रिले रीसेटच होत नाय, बोटी बर्फासाठी उभ्या, शेठ तापलेले. सगळ्यांचं म्हणणं रिले गेला, नवीन आणा. मी आधी लाइटी बघितल्या. पॉवरची लागलेली, दोन्ही चॅनलच्याही लागलेल्या, म्हणजे मश्रूमची बाजू ठीक. (एकाच चॅनलची लाइट लागली असती तर मश्रूमच्या मागचा ब्लॉक किंवा त्याची वायर बघितली असती. एक चॅनल उघडला आणि दुसरा नाही असं झालं तरी हे रिले अडून बसतात, दोन्ही नीट उघडून परत बंद होईपर्यंत ऐकत नाहीत.) उरलं रीसेटचं सर्किट. आमच्याकडे ते असं आहे: रिलेतून २४ व्होल्ट निघतात, रीसेट बटण, मग के१ चा एनसी, म्हणजे कॉन्टॅक्टर सुटलेला असला की बंद, म्हणजे जोडलेला, असणारा छोटा कॉन्टॅक्ट, मग के२ चा एनसी, आणि परत रिलेत. दोन्ही कॉन्टॅक्टर खरंच सुटलेत का हे रिले त्यातूनच बघतो, हाच फीडबॅक.

मीटरची काळी पिन मायनसला लावली, एकाला बटण दाबून धरायला सांगितलं आणि लाल पिन एकेक टर्मिनल पुढे नेली. बटणानंतर २४, के१ नंतर २४, के२ नंतर शून्य. म्हणजे के२ चा एनसी उघडाच, पण कॉइलला सप्लाय नाही, मग हा उघडा का? मेन आयसोलेटर खाली केला, कुलूप लावलं, सप्लाय गेलाय हे तपासलं आणि के२ चे तीन पोल एकेक मोजले. दोन उघडे, मधल्यात सरळ बझर वाजला. वेल्ड झालेला. एक पोल चिकटला की आतला सांगाडा पूर्ण मागे येत नाही, आणि मिरर कॉन्टॅक्ट असलेल्या कॉन्टॅक्टरमध्ये अशा वेळी एनसी बंद होऊच शकत नाही, तशीच त्याची रचना असते. मोटर थांबत होती कारण के२ चे बाकी दोन पोल उघडत होते आणि के१ अजून शाबूत होता. वरवर सगळं बरोबर, फक्त रिलेला कळलेलं. ज्याला आम्ही शिव्या घालत होतो तोच एकटा खरं बोलत होता.

नवीन के२ घेताना दुकानदार म्हणाला एनसीचा ऑक्झिलरी ब्लॉक कुठलाही चालतो. चालत नाही. मिरर कॉन्टॅक्ट असं डेटाशीटमध्ये लिहिलं नसेल तर मेन पोल चिकटलेला असतानाही एनसी बंद होऊ शकतो, मग फीडबॅक नुसता शोभेचा.

वेल्ड का झाला हे तेव्हा मी नीट शोधलं नाही, ही माझी चूक. मार्चमध्ये शिमग्याला गावी गेलो, पालखी नाचवून पाच दिवसांनी आलो तर सगळं छान चालू. माझी महिन्याची एक टेस्ट असते: के२ च्या एनसीची वायर काढायची आणि रीसेट मारायचा, रिले उचलायला नको. त्या दिवशी उचलला. बघतो तर डक्टच्या आतून के२ च्या एनसीवर पिवळी वायर टाकलेली, आणि के२ परत वेल्ड. म्हणजे दोन-तीन दिवस क्रशर एकट्या के१ च्या भरवशावर थांबत होता आणि के१ उघडून बघितला तर त्याचेही कॉन्टॅक्ट खाल्लेले, काळे, टोकाला मणी आलेले. तोही चिकटला असता तर मश्रूम दाबून क्रशर थांबेलच याची खात्री नव्हती. वायर टाकणारा म्हणे, "धंदो बंद ठेवू काय?" यावर काय बोलणार. पण भांडण झालंच.

या वेळी मात्र उभं राहून ऑपरेटरचं काम बघितलं. लादी अडकली की तो स्टार्ट-स्टॉप, स्टार्ट-स्टॉप असे झटके मारतो, मिनिटात दहा-बारा. मोटरचा चालू करंट ११ अँपियरच्या आसपास, पण अडकलेल्या मोटरचा त्याच्या सहापट. आमचे कॉन्टॅक्टर १२ अँपियरचे, एसी-३ चे. एसी-३ म्हणजे सुरू होतानाचा मोठा करंट जोडायचा, पण तोडायचा फिरत्या मोटरचा. झटक्यात तो साठ-पासष्ट अँपियर तोडतो, ते एसी-४ चं काम. के२ बहुतेक केसभर आधी सुटत असणार म्हणून मार तोच खायचा.

मग तिसरा मोठा कॉन्टॅक्टर के३ टाकला, चालू-बंद आणि झटके सगळे त्याच्यावर. के१, के२ दोन्ही नवीन, आणि ते आता रिले रीसेट झाला की लागून राहतात, इमर्जन्सीलाच सुटतात. के३ चाही एनसी फीडबॅकच्या लाइनीत घेतला, म्हणजे झटके खाऊन तो चिकटला तरी पुढचा रीसेट होणार नाही. रीसेट बटण आणि मश्रूम दोन्ही आयपी ६७ बॉक्समध्ये, ग्लँड खालून.

एप्रिल-मे दोन महिने झाले, परवा के१-के२ उघडून बघितले, कॉन्टॅक्ट अजून चकचकीत. के३ थोडा काळा पडलाय, त्याचा एक स्पेअर आणून ठेवलाय. पॅनेलची चावी आता माझ्याच खिशात असते, शिमग्यालासुद्धा.